एकाच बसवर सहा ट्राय-स्टेट स्रोत: टक्कर नेमकी कधी होते आणि ती मुळातून कशी टाळावी

प्रश्न: मी ब्रेडबोर्डवर ८ बिटांचा छोटा प्रोसेसर बांधतो आहे. एकाच बसवर सहा जण लिहू शकतात आणि प्रत्येकाच्या आउटपुट एनेबलला ईईप्रॉममधला वेगळा बिट थेट जोडला आहे. क्लॉक अगदी सावकाश ठेवला तरी मधूनच एखाद्या भलत्याच रजिस्टरची किंमत बदलते आणि दोन आयसी गरम होतात. प्रत्येक लाइनमध्ये रेझिस्टर टाकले तर हे थांबेल का?

रेझिस्टरने आयसी वाचतील, पण चूक थांबणार नाही. तुमच्या मांडणीत "बसवर आता कोण बोलणार" हा निर्णय सहा वेगवेगळ्या बिटांवर सोडलेला आहे, आणि ते सहा बिट एकमेकांना ओळखत नाहीत. ट्राय-स्टेट बफर स्वतःहून कधीच पाहत नाही की दुसरा कोणी बसवर आहे का. त्याचा एनेबल लो झाला की तो आपली किंमत पूर्ण जोराने लावतो. त्यामुळे दोघांना एकाच वेळी परवानगी मिळणे हेच अशक्य करावे लागते, आणि तेही दोन पातळ्यांवर: एक, स्थिर अवस्थेत; आणि दोन, एकाकडून दुसऱ्याकडे बस सोपवण्याच्या त्या थोड्या नॅनोसेकंदांत. बहुतेक जण पहिली पातळी सांभाळतात आणि दुसरी विसरतात, म्हणून मी दुसरीवर जास्त लिहिणार आहे. तुम्ही आयसी कोणते वापरता हे लिहिलेले नाही. ५ व्होल्टवर चालणारे ७४एचसी मालिकेतले, म्हणजे रजिस्टरसाठी ७४एचसी५७४ आणि बफरसाठी ७४एचसी५४१ किंवा ७४एचसी२४५ असतील असे धरून मी आकडे देतो. एलएस मालिका असेल तर काय बदलते ते पुढे येईलच.

आधी टक्कर झाली की विजेच्या दृष्टीने काय घडते ते पाहू, कारण तुमच्या दोन्ही तक्रारी त्यातून उलगडतात. समजा एका लाइनवर पहिला बफर १ लावतो आहे आणि दुसरा ०. पहिल्याचा वरचा ट्रान्झिस्टर आणि दुसऱ्याचा खालचा ट्रान्झिस्टर मिळून पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत सरळ वाट तयार होते. एचसी मालिकेतला बस ड्रायव्हर ६ मिलिअँपिअर खेचत असताना त्याचे आउटपुट फार तर पाव व्होल्टभर वर जाते, म्हणजे त्याचा आतला रोध सुमारे ४० ओहम किंवा त्याहून कमी असतो. असे दोन रोध ५ व्होल्टवर एकापाठोपाठ आले की त्या एका लाइनमधून अंदाजे ४० ते ६० मिलिअँपिअर वाहतात. डेटाशीटमध्ये एका आउटपुटसाठी कमाल मर्यादा ३५ मिलिअँपिअर आणि पूर्ण आयसीच्या पुरवठा पिनसाठी ७० मिलिअँपिअर अशी दिलेली असते. दोघांच्या आकड्यांत चार बिट जरी वेगळे असले तरी ही मर्यादा दुपटीहून अधिक ओलांडली जाते. गरम होणारे तुमचे दोन आयसी बहुधा हेच दोघे आहेत.

भलत्याच रजिस्टरची किंमत बदलणे ही गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. टक्कर चालू असताना बसची लाइन २ ते २.५ व्होल्टच्या आसपास अडकते. एचसीच्या इनपुटला ५ व्होल्टवर हमखास १ समजायला सुमारे ३.५ व्होल्ट लागतात आणि हमखास ० समजायला १.५ व्होल्टच्या खाली यावे लागते. मधल्या पट्ट्यात प्रत्येक इनपुट आपापल्या परीने अर्थ लावतो. पण ही अडचण ज्या रजिस्टरला त्या क्षणी लोड करायचे आहे त्याच्यापुरतीच असते. ज्या रजिस्टरला कोणी हात लावलेला नाही, त्याची किंमत बदलण्यामागे बसवरचा डेटा नसतो, त्याचा क्लॉक असतो. दोनशे मिलिअँपिअरचा धक्का काही नॅनोसेकंदांत सुरू होतो आणि बंद होतो, तेव्हा ब्रेडबोर्डच्या लांब ग्राउंड तारेवर क्षणभर व्होल्टेज उभे राहते. त्या तारेवर बसलेल्या रजिस्टरला आपला स्थिर असलेला क्लॉक पिन हलल्यासारखा दिसतो, आणि तो समोर असेल ते आत घेतो. म्हणूनच "टक्कर २० नॅनोसेकंदांचीच आहे, लोडच्या एजपर्यंत बस शांत झालेली असते" हा युक्तिवाद पुरेसा नाही. क्लॉक कितीही सावकाश केला तरी हा धक्का तेवढाच राहतो. फक्त सेकंदाला कमी वेळा येतो.

आता तुमच्या जोडणीत टक्कर कुठून येते ते पाहू. मायक्रोकोड लिहिताना एखाद्या शब्दात चुकून दोन एनेबल एकदम चालू राहिले तर ती सरळ चूक आहे आणि ती शोधता येते. पण मायक्रोकोड निर्दोष असला तरी ईईप्रॉमचा पत्ता बदलल्यापासून त्याचे आउटपुट स्थिर होईपर्यंत, म्हणजे १५० नॅनोसेकंदांच्या आयसीत १५० नॅनोसेकंदांपर्यंत, त्या आउटपुटवर काय असेल याची कसलीही हमी नसते. जुना शब्द, नवा शब्द, त्या दोघांचे मिश्रण किंवा तिसरेच काही, असे सगळे त्या वेळात येऊन जाऊ शकते. तुमचे एनेबल थेट त्या पिनांना जोडलेले असल्यामुळे प्रत्येक पायरीच्या सुरुवातीला सहाही स्रोतांना वाट्टेल त्या क्रमाने परवानग्या मिळत राहतात. क्लॉक सावकाश करूनही दोष का जात नाही याचे उत्तर इथे आहे.

पहिली दुरुस्ती म्हणून हे सहा बिट काढून टाका आणि त्यांच्या जागी ३ बिटांचे एक "स्रोत" क्षेत्र ठेवा. हे ३ बिट ७४एचसी१३८ या डिकोडरला द्या आणि त्याची आउटपुट एकेका स्रोताच्या एनेबलला जोडा. या डिकोडरची आउटपुट लो असताना सक्रिय असतात, बफरचे एनेबलही तसेच असतात, त्यामुळे मध्ये एकही इन्व्हर्टर लागत नाही. आता मायक्रोकोडमध्ये काहीही लिहिले तरी स्थिर अवस्थेत दोघांना परवानगी मिळूच शकत नाही. चूक झालीच तर चुकीचा एकजण बोलेल, दोघे नाही. बसचे काम करताना मी हा नियम कधीच मोडत नाही: घेणारे कितीही असू शकतात, त्यांना स्वतंत्र बिट द्यायला हरकत नाही, पण देणारा निवडायचा तो आकड्यानेच.

सहा स्रोतांना कोणते आकडे द्यायचे यातही थोडा विचार करावा. १ ते ६ हे आकडे स्रोतांना द्या आणि ० व ७ ही डिकोडरची दोन आउटपुट मोकळी ठेवा. कोऱ्या ईईप्रॉममध्ये सगळे बिट १ असतात, त्यामुळे न लिहिलेल्या जागेवर उडी गेली तर स्रोत ७ येतो, म्हणजे कोणीच नाही. आणि ईईप्रॉममधून येणारा शब्द, म्हणजेच कंट्रोल वर्ड, धरून ठेवण्यासाठी पुढे आपण जे रजिस्टर घालणार आहोत, ते रीसेटला सगळे बिट ० करते, म्हणून वीज दिल्यावरही स्रोत ०, म्हणजे कोणीच नाही. हे रजिस्टर म्हणून ७४एचसी२७३ घ्या, ७४एचसी५७४ नको, कारण ५७४ ला क्लिअर पिन नसतो आणि वीज आल्यावर तो कोणत्याही किमतीवर उठू शकतो. सहाहून अधिक स्रोत झाले तर ४ बिट आणि ७४एचसी१५४ वापरावा लागेल, विचार मात्र तोच राहील.

इथवर बहुतेक जण पोहोचतात आणि थांबतात. डिकोडर बसवला म्हणजे टक्कर संपली असे वाटते, पण सोपवणीचा क्षण अजून शिल्लक आहे. स्रोत ३ वरून ४ वर जायचे म्हणजे ०११ चे १०० होणार, म्हणजे तिन्ही बिट पलटणार, आणि ते तिन्ही कधीच अगदी एकाच वेळी पलटत नाहीत. जो बिट मागे राहतो त्यावर मधला आकडा ठरतो. मी पूर्वी तपासलेल्या एका बोर्डवर मधला बिट एका जास्तीच्या गेटमधून येत होता, त्यामुळे तो सुमारे १० नॅनोसेकंद उशिरा पोहोचत होता. परिणाम असा की ०११ आणि १०० यांच्या मध्ये ११०, म्हणजे स्रोत ६, क्षणभर जागा होई. त्या बोर्डवर दिसणारे लक्षण होते प्रोग्राम काउंटर मधूनच एक पायरी जास्त पुढे जाण्याचे, आणि ते फक्त ३ नंतर ४ येणाऱ्या एकाच सूचनेत होत असे. स्कोपचा ट्रिगर स्रोत ६ च्या एनेबलवर लावला आणि दुसरा प्रोब बसच्या एका लाइनवर ठेवला, तेव्हा प्रत्येक वेळी बसच्या उतारावर दोन व्होल्टच्या वर एक लहान पायरी दिसली. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावेपर्यंत ती पायरी मला साधी रिंगिंगच वाटत होती.

मधला आकडा न येताही टक्कर होऊ शकते. सोडणारा बफर एनेबल हाय झाल्यापासून लाइन खरोखर सोडायला जास्तीत जास्त ३० नॅनोसेकंद घेतो, आणि धरणाराही तितकाच वेळ घेऊ शकतो, पण त्याहून बराच कमीही घेऊ शकतो. डेटाशीट आपल्याला कमाल वेळ सांगते. किमान वेळेची हमी देत नाही. सावकाश सोडणारा आणि चटकन धरणारा असे दोघे एकापाठोपाठ आले की १०-२० नॅनोसेकंद दोघेही बसवर असतात. यावर उपाय एकच आहे: आधी सगळ्यांनी सोडायचे, मग थोडा वेळ कोणीच बोलायचे नाही, आणि त्यानंतरच नव्याने धरायचे. रेल्वेच्या एकेरी मार्गावर पहिली गाडी पूर्ण बाहेर पडल्याशिवाय दुसरीला सिग्नल देत नाहीत, तसेच.

हा मोकळा वेळ मिळवण्यासाठी रेझिस्टर-कपॅसिटरने सिग्नल लांबवण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत. ते तापमान आणि आयसी बदलला की बिघडतात. त्यापेक्षा पायरीचे चार समान भाग करा. एका ७४एचसी७४ मधले दोन फ्लिप-फ्लॉप पुरतात. पहिल्याला दुसऱ्याची उलटी किंमत द्यायची आणि दुसऱ्याला पहिल्याची सरळ किंमत द्यायची. त्यांना मी कोडमध्ये `ph1` आणि `ph2` अशी नावे देतो:

```verilog
always @(posedge osc or negedge rst_n)
  if (!rst_n) begin ph1 <= 0;    ph2 <= 0;   end
  else        begin ph1 <= ~ph2; ph2 <= ph1; end

wire drive  = ph1 | ph2;   // डिकोडरचा एनेबल
wire ld_clk = ~ph1;        // रजिस्टर लोड होण्याची एज
wire cw_clk = ~ph2;        // कंट्रोल वर्ड बदलण्याची एज
```

ही जोडी ००, १०, ११, ०१ आणि पुन्हा ०० अशी फिरते. चारही अवस्था फेऱ्यातच आहेत, त्यामुळे ती बाहेर कुठे अडकून पडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर वेळी एकच फ्लिप-फ्लॉप बदलतो. `drive` हा या दोघांचा ऑर आहे, आणि १० वरून ११ वर किंवा ११ वरून ०१ वर जाताना दोघांपैकी एक तरी १ वर स्थिर असतो, म्हणून त्या ऑरच्या आउटपुटवर मध्ये कुठेही खाच पडत नाही. साध्या बायनरी काउंटरने चार भाग केले असते तर ०१ वरून १० वर जाताना दोन्ही बिट पलटले असते आणि ज्या ग्लिचपासून आपण पळतो आहोत तीच पुन्हा आली असती.

आता एक पायरी सावकाश चालून पाहू. समजा आधीच्या पायरीत स्रोत ३ बोलत होता आणि या पायरीत स्रोत ४ ची किंमत एका रजिस्टरमध्ये घ्यायची आहे. `ph2` खाली येतो आणि अवस्था ०० होते. त्याच क्षणी `drive` लो होतो, डिकोडरची सगळी आउटपुट हाय होतात, आणि स्रोत ३ बस सोडतो. याच एजवर ७४एचसी२७३ नवा कंट्रोल वर्ड घेतो आणि स्रोतक्षेत्र ०११ वरून १०० वर जाते, वाटेत ११० येऊन जातो. एनेबल आणि आकडा एकाच वेळी निघाल्यामुळे अगदी सुरुवातीला, डिकोडर बंद होत असतानाच, आकडा हलण्याची शक्यता उरते का, अशी शंका तुम्हाला यायला हवी. ती रास्त आहे. `drive` ला एक ऑर गेट पार करावे लागते, तर आकड्याला २७३ चा क्लॉक ते आउटपुट एवढा वेळ लागतो, आणि सहसा गेट लवकर येते. पण "सहसा" या शब्दावर डिझाइन उभे करायचे नसेल तर २७३ ला क्लॉक `~ph2` ऐवजी त्याच अवस्थेच्या मध्यावर द्या, म्हणजे ऑसिलेटरच्या पुढच्या फॉलिंग एजवर. मी बोर्ड पक्का करताना तसेच करतो आणि त्यासाठी एक जास्तीचा फ्लिप-फ्लॉप खर्च करतो. ब्रेडबोर्डवर पहिली पद्धत चालवून, स्कोपवर एनेबल तपासून पुढे जायला हरकत नाही.

पुढच्या एजला अवस्था १० होते, `drive` हाय होतो आणि स्रोत ४ बस धरतो. या वेळेपर्यंत डिकोडरचे इनपुट केव्हाच स्थिर झालेले आहेत, म्हणून फक्त एकच आउटपुट लो होते. अवस्था ११ मध्ये काहीच बदलत नाही. बसवर किंमत स्थिरावत राहते. मग अवस्था ०१ होताना `ph1` खाली येतो, म्हणजेच `ld_clk` वर जातो, आणि रजिस्टर बसवरची किंमत घेते. स्रोत ४ त्यानंतरही एक पूर्ण भाग बोलतच राहतो. लोड आणि बस सोडणे एकाच एजवर केले तर रजिस्टरचा होल्ड टाइम पाळला जाईल की नाही हे गेटांच्या उशिरावर सोडावे लागते. इथे तो प्रश्नच उरत नाही.

लोडचा क्लॉक ठरावीक रजिस्टरलाच पोहोचावा म्हणून तुम्ही गेट वापराल. ५७४ ला क्लॉक एनेबल नसल्यामुळे ते लागणारच. ते अँड नव्हे, ऑर घ्या. ७४एचसी३२ च्या एका इनपुटला `ld_clk` आणि दुसऱ्याला घेणाऱ्यांच्या डिकोडरचे लो-सक्रिय आउटपुट द्या. कंट्रोल वर्ड बदलतो तेव्हा `ld_clk` हाय असतो, त्यामुळे त्या डिकोडरवर काहीही खडखडाट झाला तरी ऑरचे आउटपुट हायच राहते आणि रजिस्टरला खोटी एज दिसत नाही. एक सापळा मात्र लक्षात ठेवा. प्रोग्राम काउंटर जर `ld_clk` वर थेट मोजत असेल आणि त्याच पायरीत तो बसवर बोलतही असेल, तर घेणाऱ्या रजिस्टरचा क्लॉक गेटमुळे थोडा उशिरा येतो आणि काउंटर मात्र आधीच पुढे गेलेला असतो. पुढची पायरी मोजण्यासाठी ठेवा, किंवा काउंटरचा क्लॉकही तसल्याच एका ऑरमधून न्या.

किती वेगाने चालवता येईल हे ईईप्रॉमवर अवलंबून आहे, बसवर नाही. इन्स्ट्रक्शन रजिस्टर आणि पायरी मोजणारा काउंटर हे दोन्ही `ld_clk` वर बदलतात आणि नवा कंट्रोल वर्ड एका भागानंतर घेतला जातो. त्या एका भागात गेटचे सुमारे २० नॅनोसेकंद, रजिस्टरचे ३०, ईईप्रॉमचे १५० आणि २७३ च्या सेटअपचे २० बसले पाहिजेत, म्हणजे एकूण सुमारे २२० नॅनोसेकंद. म्हणून ४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर घ्या: प्रत्येक भाग २५० नॅनोसेकंदांचा, पूर्ण पायरी १ मायक्रोसेकंदाची. तुमचा ईईप्रॉम २५० नॅनोसेकंदांचा असेल तर २ मेगाहर्ट्झवर या. बस सोडायला ऑर, डिकोडर आणि बफर मिळून वाईटात वाईट ९० नॅनोसेकंद लागतील, आणि त्यासाठी २५० मोकळे आहेत. हे आकडे ४.५ व्होल्ट आणि साध्या तापमानाचे आहेत. तुमच्या हातातल्या आयसीच्या डेटाशीटवरून एकदा पुन्हा बेरीज करा.

मोकळ्या भागात बसवर कोणीच नसते, तेव्हा ती तरंगत राहू नये म्हणून प्रत्येक लाइनवर १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे लावा. पण त्याने बस लगेच ० होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ब्रेडबोर्डवरच्या बसची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तर वेळांक १ मायक्रोसेकंद येतो, आणि २५० नॅनोसेकंदांत लाइन जेमतेम ४ व्होल्टपर्यंत उतरते. म्हणजे मोकळ्या भागात बसवर आधीचीच किंमत रेंगाळते. याचा एक फसवा परिणाम असा की एखाद्या स्रोताची एनेबलची तार सुटली, तर पूर्ण वेगात ० ऐवजी मागच्या किमतीचे काही बिट मिळू शकतात, आणि क्लॉक हाताने एकेक पायरी दिला की मात्र ० मिळतो. असा फरक दिसला की टक्कर शोधू नका, बोलणारा गायब आहे का ते पाहा.

रॅमसाठी ७४एचसी२४५ वापरत असाल तर त्याचा दिशा पिन थेट २७३ वर जोडा आणि एनेबल `drive` ने बांधलेला ठेवा, म्हणजे दिशा नेहमी बंद अवस्थेतच बदलेल. दिशा आणि एनेबल एकत्र हलवले की २४५ एकटाच रॅमशीही भांडतो आणि बसशीही.

आता तुमच्या रेझिस्टरकडे येतो, कारण शोधाच्या कामात तो खरोखर उपयोगी आहे. प्रत्येक स्रोताच्या आउटपुटपासून बसपर्यंत ३३० ओहमचा रेझिस्टर एकेका लाइनमध्ये टाका. दोघे भिडले तरी प्रवाह ७ मिलिअँपिअरच्या आसपास राहील आणि आयसी सुखरूप राहतील. क्लॉक थांबवून हाताने एकेक पायरी द्या आणि प्रत्येक पायरीवर बसच्या लाइनचे व्होल्टेज मल्टिमीटरने पाहा. नीट चाललेल्या लाइनवर एक तर जवळजवळ ० किंवा ४.८ च्या आसपास दिसेल, २.५ दिसले तर तिथे दोघेजण आहेत. मग त्याच लाइनवरच्या सहा रेझिस्टरांच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजा. चौघांवर काहीच पडलेले नसेल आणि दोघांवर प्रत्येकी सुमारे सव्वादोन व्होल्ट पडलेले असतील. भांडणारे ते दोघे. ज्याच्या रेझिस्टरची आयसीकडची बाजू उंच आहे तो १ लावतो आहे. दोघांची किंमत त्या बिटावर सारखीच असेल तर टक्कर असूनही काही दिसणार नाही, म्हणून तपासताना एका रजिस्टरमध्ये ५५ आणि दुसऱ्यात एए अशा हेक्स किमती भरून ठेवा.

ही मोजणी स्थिर टक्कर पकडते. सोपवणीतली टक्कर मल्टिमीटरला दिसत नाही. तिच्यासाठी स्कोपचे दोन प्रोब कोणत्याही दोन स्रोतांच्या एनेबलवर ठेवा आणि दोन्ही एकदम लो झाल्याचा क्षण शोधा. सिम्युलेशनवर यासाठी विसंबू नका: उशीर न दिलेल्या मॉडेलमध्ये बसवर `x` फक्त स्थिर टक्करीलाच दिसतो.

एलएस मालिका असेल तर लक्षणे वेगळी असतात. तिथे खाली खेचणारा ट्रान्झिस्टर वर ढकलणाऱ्यापेक्षा बराच बलवान असतो, त्यामुळे टक्करीत बहुतेक वेळा ० जिंकतो आणि बसवर दोन्ही किमतींचा अँड मिळाल्यासारखा दिसतो. ५५ आणि एए यांतून ०० आला की ओळखावे. आणि हीच रचना पुढे एफपीजीएत नेणार असाल तर आतल्या बससाठी ट्राय-स्टेट लिहू नका. आजच्या एफपीजीएंच्या आत ते बफर नसतात, साधनप्रणाली त्याचे मल्टिप्लेक्सर करते, म्हणून सरळ मल्टिप्लेक्सरच लिहिलेला बरा. ब्रेडबोर्डवरही आठ ७४एचसी१५१ घेऊन तेच करता येते आणि टक्करीचा प्रश्नच राहत नाही, पण प्रत्येक स्रोताच्या आठ तारा आठ वेगवेगळ्या आयसींकडे न्याव्या लागतात. सहा स्रोतांसाठी म्हणजे ४८ तारा, म्हणून मी तुमच्या जागी बसच ठेवीन.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी ३३० ओहमचे रेझिस्टर आणि प्रत्येक आयसीच्या पुरवठा पिनला लगटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, मग डिकोडर आणि २७३, मग चार भागांचा क्लॉक. स्कोपवर सहाही एनेबलच्या मध्ये मोकळा वेळ स्पष्ट दिसला की रेझिस्टर काढले तरी चालतील. मी स्वतः ब्रेडबोर्डवर ते तसेच राहू देतो, कारण १ मायक्रोसेकंदाच्या पायरीत त्यांचा ३३ नॅनोसेकंदांचा उशीर अडचण करत नाही आणि एनेबलची तार चुकीच्या भोकात गेली तर आयसी वाचतो.